मध्य १०, मध्यक ६.५, बहुलक ४: तिन्ही उत्तरं बरोबर कशी?

प्रश्न: स्टॅटिस्टिक्सची पहिलीच असाइनमेंट आहे. हेल्पलाइनला फोन केलेल्या २० जणांना किती मिनिटं थांबावं लागलं ते आकडे दिलेत: ६, ३, ४२, ८, ४, ११, ५, २, १९, ७, ४, २७, ९, ३, १५, ६, ४, १२, ८, ५. माझा मध्य १० आला, मध्यक ६.५ आणि बहुलक ४. एवढी तफावत म्हणजे कुठेतरी चुकलंय का? पडताळ्यासाठी ‘बहुलक = ३ मध्यक − २ मध्य’ लावलं तर उत्तर ऋण येतं. वर्ग पाडून केलं तर आणखी वेगळं येतं. यातलं खरं कोणतं धरायचं, आणि ‘माहिती स्क्यूड आहे, विवेचन करा’ याखाली काय लिहायचं?

उत्तर:

तुमचं काही चुकलेलं नाही. तिन्ही आकडे बरोबर आहेत, आणि ऋण उत्तरही आकडेमोड चुकल्यामुळे आलेलं नाही. गोंधळ होतोय तो एका अपेक्षेमुळे: तिघांनी साधारण एकच आकडा सांगायला हवा, असं आपण धरून चालतो. माहिती दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असेल तर तसं होतंही. तुमची माहिती एका बाजूला लांब शेपूट असलेली आहे, आणि अशा वेळी हे तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. विवेचनात लिहायचं ते नेमकं हेच.

आधी आकडे चढत्या क्रमाने लावून समोर ठेवू:

२, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ८, ८, ९, ११, १२, १५, १९, २७, ४२

बेरीज २००, निरीक्षणं २०, म्हणून मध्य १०. निरीक्षणांची संख्या सम आहे, त्यामुळे मधली दोन, म्हणजे दहावं ६ आणि अकरावं ७, यांची सरासरी ६.५ हा मध्यक. ४ सर्वांत जास्त वेळा, म्हणजे तीनदा आलाय, म्हणून बहुलक ४.

इथे होणाऱ्या तीन चुका लक्षात ठेवा, कारण त्यांतून येणारी उत्तरं दिसायला अगदी शहाण्यासारखी असतात. पहिली, आकडे क्रमाने न लावता मधले दोन उचलणं. तुमच्या मूळ यादीत दहावा आकडा ७ आणि अकरावा ४ आहे. त्यांची सरासरी ५.५. हा आकडा इतका पटण्यासारखा आहे की शंकाच येत नाही. दुसरी, (n + 1)/2 या सूत्राने आलेलं १०.५ हेच मध्यक म्हणून लिहून टाकणं. १०.५ ही रांगेतली जागा आहे, मिनिटं नव्हेत. नेमका मध्यही १० असल्यामुळे ही चूक इथे सहज लपते. तिसरी, बहुलक ४ ऐवजी ३ लिहिणं, म्हणजे किंमत लिहायची तिथे तिची वारंवारता लिहिणं. मध्यकाचा पडताळा सोपा आहे: त्याच्या खाली किती निरीक्षणं आणि वर किती ते मोजा. ६.५ च्या खाली १० आणि वर १० आहेत. ५.५ धरलं तर खाली ८ आणि वर १२ येतात, चूक लगेच दिसते.

आता तफावत कुठून आली ते पाहू. मध्य हा तराजूचा तोल असतो. त्याच्यापेक्षा कमी असलेल्यांची एकूण तूट आणि जास्त असलेल्यांची एकूण वाढ नेहमी सारखी भरते. तुमच्या यादीत १० पेक्षा कमी थांबलेले १४ जण आहेत. त्यांच्या मिनिटांची बेरीज ७४. प्रत्येकाला १० मिनिटं धरली तर १४० व्हायला हवी होती, म्हणून तूट ६६. वरच्या बाजूला फक्त सहा जण आहेत: ११, १२, १५, १९, २७ आणि ४२. त्यांची वाढ अनुक्रमे १, २, ५, ९, १७ आणि ३२, एकूण ६६. म्हणजे चौदा जणांना तोलून धरायला सहा पुरतात, आणि त्या ६६ पैकी ३२, जवळजवळ निम्मी वाढ, एकट्या ४२ ची आहे. मध्य त्याच्याकडे ओढला गेलाय तो असा.

मध्यक मात्र ‘किती लांब’ हे विचारतच नाही, तो फक्त ‘कोणत्या बाजूला’ एवढंच पाहतो. शेवटचा माणूस ४२ मिनिटं थांबला काय किंवा २८, मध्यकासाठी तो ६.५ च्या वरचा एक माणूस आहे, बस. करून बघायचं असेल तर ४२ च्या जागी चुकून ४२० टाइप झालंय असं समजा. बेरीज ५७८ होते आणि मध्य २८.९, म्हणजे वीसपैकी एकोणीस जणांच्या वेळेपेक्षा मोठी ‘सरासरी’. मध्यक जागचा हलत नाही, बहुलकही नाही. म्हणूनच मध्य अनपेक्षित मोठा आला की आधी सर्वांत मोठा आकडा मूळ नोंदीशी ताडून बघावा.

यावरून लगेच ४२ काढून टाकायचा मोह होतो. तो आवरा. नोंद चुकीची असल्याचं कारण सापडलं तरच आकडा काढायचा. बाकीच्यांपेक्षा खूप मोठा आहे, हे कारण पुरेसं नाही. कुणीतरी खरोखरच ४२ मिनिटं ताटकळलं असेल, तर हेल्पलाइनबद्दलची ती सर्वांत महत्त्वाची नोंद असू शकते. हवं तर दोन्ही हिशेब द्या: ४२ सकट मध्य १० आणि मध्यक ६.५; त्याच्याशिवाय १९ जणांचा मध्य १५८ ÷ १९ = ८.३२ आणि मध्यक ६. यातून एक चांगला मुद्दाही हाती लागतो. ४२ वगळूनही मध्य मध्यकापेक्षा बराच वर आहे, म्हणजे कल फक्त त्या एका आकड्यामुळे आलेला नाही. चतुर्थकंही तेच सांगतात. खालच्या दहा जणांचा मध्यक ४ आणि वरच्या दहा जणांचा ११.५. मध्यकापासून पहिलं चतुर्थक २.५ मिनिटं दूर आहे आणि तिसरं ५ मिनिटं, बरोबर दुप्पट. मधल्या निम्म्या गर्दीतही वरची बाजू जास्त ताणलेली आहे. चतुर्थकं काढायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत, त्यामुळे स्प्रेडशीटमध्ये थोडे वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका. तुम्ही वापरलेली पद्धत तेवढी लिहा.

बहुलकाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या असाइनमेंटमधला तो सर्वांत कच्चा आकडा आहे. ४ तीनदा आलाय, पण ३, ५, ६ आणि ८ हेही दोन-दोनदा आलेत. म्हणजे सगळा निकाल एका निरीक्षणाच्या फरकावर लागलाय. नऊ मिनिटं थांबलेला माणूस आठच मिनिटं थांबला असता तर मध्य १० चा ९.९५ झाला असता, मध्यक ६.५ च राहिला असता, पण बहुलक एकदम दोन झाले असते, ४ आणि ८. वेळ ही सलग बदलणारी गोष्ट आहे. मिनिटांत पूर्णांक केल्यामुळे आकडे एकसारखे दिसतात. सेकंदांत नोंद असती तर कदाचित एकही आकडा पुन्हा आला नसता आणि बहुलक सांगताच आला नसता. बहुलकाला खरा अर्थ असतो तो जिथे ठरावीक, मोजके पर्याय असतात तिथे: बुटाचा नंबर, घरातली माणसं, तक्रारीचा प्रकार. तक्रारीच्या प्रकाराचा तर मध्य काढताच येत नाही, तिथे बहुलक हाच एक आधार. तुमच्या उत्तरात बहुलक ४ लिहा, पण सोबत तो फक्त तीन निरीक्षणांवर उभा आहे हेही लिहा.

वर्ग पाडल्यावर उत्तरं का बदलली, हे आता सहज कळेल. ५ मिनिटांचे वर्ग घेतले आणि वरची मर्यादा त्या वर्गात धरली नाही, तर ०–५ मध्ये ६ जण, ५–१० मध्ये ८, १०–१५ मध्ये २, १५–२० मध्ये २, २५–३० मध्ये १ आणि ४०–४५ मध्ये १. मधले रिकामे वर्ग तक्त्यात शून्य लिहून ठेवा, गाळू नका. आयतालेखात शेपटीतली पोकळी दिसली पाहिजे. वर्गमध्य आणि वारंवारता यांच्या गुणाकारांची बेरीज १५ + ६० + २५ + ३५ + २७.५ + ४२.५ = २०५, म्हणून मध्य १०.२५.

मध्यकासाठी N/2 = १०. संचित वारंवारता ०–५ पर्यंत ६ आणि ५–१० पर्यंत १४, म्हणजे मध्यक वर्ग ५–१०:

मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h = ५ + ((१० − ६) / ८) × ५ = ७.५

बहुलक वर्गही तोच. त्याची वारंवारता ८, आधीच्या वर्गाची ६, नंतरच्या वर्गाची २:

बहुलक = L + ((f1 − f0) / (2f1 − f0 − f2)) × h = ५ + (२ / ८) × ५ = ६.२५

इथे cf म्हणजे मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता. ६ ऐवजी १४ घातले की कंसात −४ येतं आणि मध्यक २.५, म्हणजे मध्यक वर्गाच्याच बाहेर पडतो. तसं झालं तर दुसरीकडे शोधायची गरज नाही, चूक तिथेच आहे.

मध्यक ६.५ चा ७.५ झाला, कारण सूत्र असं धरतं की वर्गातली आठ माणसं ५ ते १० मध्ये समान अंतरावर पसरलेली आहेत. प्रत्यक्षात ती ५, ५, ६, ६, ७, ८, ८, ९ अशी आहेत, म्हणजे खालच्या टोकाकडे झुकलेली. कललेल्या माहितीत असं होतच असतं. हेच १० मिनिटांचे वर्ग घेऊन केलंत तर ०–१० मध्ये १४, १०–२० मध्ये ४, २०–३० मध्ये १ आणि ४०–५० मध्ये १ असे येतील. मध्य १०, मध्यक ७.१४ आणि बहुलक ५.८३. वर्गांची रुंदी बदलली की बहुलक ६.२५ वरून ५.८३ वर जातो, आणि मूळ आकड्यांत तो ४ होता. म्हणून मूळ आकडे हाताशी असतील तर मध्य आणि मध्यक त्यांवरूनच काढा. वर्गांवरून आलेले आकडे अंदाज आहेत, आणि उत्तरपत्रिकेत त्यांच्यापुढे ‘अंदाजे, वर्गांतर ५’ असं लिहिणं योग्य.

आता ते ऋण उत्तर. ३ × ६.५ − २ × १० = १९.५ − २० = −०.५. कुणी उणे अर्धा मिनिट थांबू शकत नाही, तेव्हा तुमची शंका रास्त आहे. कार्ल पिअर्सनच्या नावाने शिकवला जाणारा हा संबंध गणिती सिद्धांत नाही. एकच शिखर असलेल्या आणि थोड्याशाच कललेल्या माहितीत तो साधारण जुळतो, असा तो अनुभवातून आलेला अंदाज आहे. तुमच्या माहितीत मध्य आणि मध्यक यांत ३.५ मिनिटांचं अंतर आहे. सूत्र त्याच्या तिप्पट, १०.५ मिनिटं, मध्यातून वजा करतं आणि शून्याच्या खाली घसरतं. त्यामुळे पडताळ्यासाठी हे सूत्र इथे चालणार नाही. असाइनमेंटमध्ये ते मागितलंच असेल तर −०.५ हे उत्तर लपवू नका. ते लिहा आणि खाली एक ओळ जोडा की माहिती खूप कललेली असल्यामुळे हा संबंध इथे लागू पडत नाही. तपासणाऱ्याला तुम्ही सूत्राच्या मर्यादेपर्यंत विचार केलाय हे त्या एका ओळीतून कळतं.

याच कारणाने ‘मध्य > मध्यक > बहुलक म्हणजे उजवीकडे कललेली’ हा नियमही डोळे झाकून वापरू नये. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो, तुमच्या माहितीतही ठरलाय. पण मोजके पूर्णांक असतील तर फसवू शकतो. समजा, त्याच २० जणांना काम होईपर्यंत किती वेळा फोन करावा लागला याची नोंद अशी आहे: ८ जणांना एकदा, ११ जणांना दोनदा आणि एकाला पाचदा. शेपूट स्पष्टपणे उजवीकडे आहे. पण मध्य ३५ ÷ २० = १.७५, आणि मध्यक व बहुलक दोन्ही २. मध्य मध्यकापेक्षा लहान! म्हणून आधी आलेख काढा, शेपूट कुठे आहे ते डोळ्यांनी बघा आणि मगच तीन आकड्यांचा क्रम त्याला पूरक म्हणून सांगा.

‘खरं कोणतं धरायचं’ याचं उत्तर तुम्ही काय विचारताय त्यावर अवलंबून आहे. फोन करणाऱ्याला ‘मला साधारण किती थांबावं लागेल’ हे हवं असेल तर मध्यक, ६.५ मिनिटं. वीसपैकी चौदा जण १० मिनिटांपेक्षा कमी थांबलेत, तेव्हा ‘साधारण १० मिनिटं’ हे त्याला चुकीचं चित्र दाखवेल. पण हेल्पलाइन चालवणाऱ्याला लोकांचा एकूण किती वेळ वाट पाहण्यात जातो हे हवं असेल तर मध्यच लागतो, कारण एकूण परत मिळवून देणारा आकडा तोच: १० × २० = २०० मिनिटं. मध्यकाने गुणलं तर १३० येतात, ७० मिनिटं गायब. ‘स्क्यूड असेल तर मध्य वापरू नये’ असं सरसकट वाक्य वहीत असेल तर ते खोडा. सामान्य निरीक्षण कसं आहे हे सांगायचं असेल तेव्हा मध्यक, एकूण महत्त्वाचं असेल तेव्हा मध्य.

विवेचनाचा परिच्छेद असा लिहिता येईल. शब्द तुमचे वापरा, पण यातली कोणतीही गोष्ट गाळू नका:

> २० जणांच्या थांबण्याच्या वेळेचा मध्य १० मिनिटं, मध्यक ६.५ मिनिटं आणि बहुलक ४ मिनिटं (३ निरीक्षणं) आहे. आयतालेखात बहुतेक निरीक्षणं १० मिनिटांच्या आत असून उजवीकडे ४२ मिनिटांपर्यंत लांब शेपूट आहे, म्हणजे माहिती उजवीकडे कललेली आहे. २७ आणि ४२ या दोनच निरीक्षणांत एकूण २०० पैकी ६९ मिनिटं आहेत, त्यामुळे मध्य वर ओढला गेला आहे. १४ जण मध्यापेक्षा कमी थांबले. फोन करणाऱ्याचा नेहमीचा अनुभव सांगायला मध्यक जास्त योग्य आहे. ४२ ही नोंद वगळल्यास मध्य ८.३२ आणि मध्यक ६ होतो, म्हणजे कल तरीही राहतो.

एकक प्रत्येक वेळी लिहा, आणि दशांश दोन स्थळांच्या पुढे नेऊ नका; मूळ नोंद पूर्ण मिनिटांत असताना ८.३१५७८९ लिहिल्याने अचूकता वाढत नाही.

उत्तरं संगणकावर तपासायची असतील तर पायथॉनमध्ये एवढं पुरेल:

```python
from statistics import mean, median, multimode
t = [6,3,42,8,4,11,5,2,19,7,4,27,9,3,15,6,4,12,8,5]
print(mean(t), median(t), multimode(t))
# 10 6.5 [4]
```

`multimode` मुद्दाम घेतलंय. एकापेक्षा जास्त बहुलक असतील तर ते सगळे दाखवतं. स्प्रेडशीटमध्ये `MODE.SNGL` एकच दाखवतं, बरोबरी झालीय हे कळतही नाही, म्हणून तिथे `MODE.MULT` वापरा. आणखी एक पाहून ठेवा: ज्याची नोंदच नाही त्याचा कप्पा रिकामा ठेवायचा, ० टाकायचा नाही. रिकामा कप्पा `AVERAGE` मोजत नाही, ० मात्र मोजतं. तुमच्या यादीत दोन शून्यं जास्तीची आली असती तर मध्य २०० ÷ २२ = ९.०९ झाला असता आणि मध्यक ६.

पुढच्या भागात कदाचित मूळ आकडे नसतील, फक्त तक्ता असेल आणि शेवटचा वर्ग ‘२० किंवा जास्त’ असा उघडा असेल. तिथे मध्य काढण्यासाठी त्या वर्गाचा वर्गमध्य तुम्हाला गृहीत धरावा लागतो. तुमच्याच माहितीत ५ चे वर्ग ठेवून शेवटच्या दोघांसाठी २२.५ धरला तर मध्य ९ येतो, ३५ धरला तर १०.२५. मध्यक मात्र दोन्ही वेळा ७.५, कारण तो ५–१० या वर्गात आहे आणि उघड्या वर्गाची वरची हद्द त्याला लागतच नाही. अशा तक्त्यात मध्यक द्या, आणि मध्य मागितलाच असेल तर कोणता वर्गमध्य गृहीत धरला ते उत्तराशेजारीच लिहा.